तेल महागलं, मग पैसे कुठे गेले?

2009 मध्ये अमेरिकेत कच्चं तेल पाऊणपटीहून अधिक महागलं. तेलाचे वायदे धरून ठेवणारा युएसओ हा फंड मात्र वर्षभरात जेमतेम वीस टक्के वाढला.

फंडाला पिंपं नको असतात. म्हणून मुदत संपण्याआधी तो चालू महिन्याचा वायदा विकून पुढचा घेतो. समजा, चालू वायदा 40 डॉलरला आणि पुढचा 44 ला आहे. ही चढती रांग म्हणजे कॉन्टँगो. शंभर पिंपं विकून आलेल्या 4,000 डॉलरमध्ये आता सुमारे एक्क्याण्णवच पिंपं बसतात. पण तोटा या अदलाबदलीच्या क्षणी होत नाही, आणि इथेच बरेच जण चुकतात. तो पुढे हळूहळू होतो: हजर भाव 40 वरच राहिला, तर 44 चा वायदा मुदत जवळ येईल तसा 40 कडे घसरतो.

तेलाची टंचाई असली की रांग उलटते. त्याला बॅकवर्डेशन म्हणतात. तेव्हा 78 ला घेतलेला वायदा 80 च्या स्थिर हजर भावाकडे चढतो. अर्थात, हजर भावच कोसळला तर हा फायदा तुटपुंजा ठरतो.

म्हणून पैसे घालण्यापूर्वी लगतच्या दोन महिन्यांचे भाव शेजारी ठेवून पाहावेत.