जस्त झिजते म्हणून पत्रा टिकतो

घासून चकचकीत केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा आणि तासाभराने पाहा. थेंबाची कड स्वच्छ राहते, मध्यभागी लोखंड काळवंडू लागते आणि दोहोंच्या मध्ये तपकिरी गंजाचे कडे तयार होते. म्हणजे लोखंड झिजते एका जागी आणि गंज साचतो दुसऱ्या जागी. गंजण्याचे सगळे मर्म या एवढ्याशा अंतरात आहे.

केंब्रिजचे धातुशास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात हाच थेंब बारकाईने अभ्यासला. पाण्यात त्यांनी दोन रसायने मिसळली. विरघळलेले लोह भेटले की पहिले निळे होते, पाणी अल्कधर्मी झाले की दुसरे गुलाबी होते. थेंबाचा मध्य निळा झाला आणि कड गुलाबी. कडेला हवा जवळ असल्याने ऑक्सिजन सतत मिळत राहतो, मध्यात मात्र तो लवकर संपतो. जिथे ऑक्सिजन कमी तिथे लोखंडाचे अणू प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतूनच कडेकडे जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाणी त्यांना घेतात. म्हणजे त्या थेंबाखाली एक इवलीशी बॅटरी चालू असते. तिच्यात पाण्यातून आयन फिरतात, आणि मिठामुळे पाण्याची वाहकता वाढते म्हणून गंज वेगाने चढतो. मधून आलेले लोह आणि कडेकडून आलेले हायड्रॉक्साइड वाटेत भेटतात, ऑक्सिजनने त्यांचा तांबूस गंज होतो. हा थर सच्छिद्र असतो, खालच्या धातूला तो झाकत नाही.

म्हणूनच वॉशरखाली, चिखलाच्या थराखाली, ओल्या पाल्याखाली लोखंड आधी खाल्ले जाते. हवा न पोहोचणारी जागा सुरक्षित असेल असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात खड्डा तिथेच पडतो.

आता जस्ताकडे येऊ. जस्त इलेक्ट्रॉन सोडायला लोखंडाहून जास्त तयार असते. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर ओरखडा पडला आणि त्यावर दव साचले, तर पाण्याखाली लोखंड आणि जस्त दोन्ही उघडे असतात. अशा वेळी जस्त विरघळते, त्याचे इलेक्ट्रॉन उघड्या लोखंडात जातात. ऑक्सिजन ते तिथेच घेतो, पण लोखंडाच्या अणूंना धातू सोडून जाण्याची संधी मिळत नाही. पत्र्याची कापलेली कड रंग न देताही बरीच वर्षे लाल होत नाही, त्याचे कारण हेच. कथिलाचे उलट आहे. कथिल लावलेल्या पत्र्यावर बाहेरून ओरखडा पडला की लोखंड कथिलाआधी विरघळते, आणि त्या बारीक चिरेत गंज जास्त जोराने खोल जातो.

जस्ताच्या या रक्षणाला हद्द आहे. त्याची मदत दोन्ही धातूंना एकत्र भिजवणाऱ्या पाण्यातूनच पोहोचते. पातळ ओलाव्यात ती काही मिलिमीटरांपलीकडे जात नाही, त्यामुळे रुंद खरवडलेल्या जागेचा मध्य गंजतोच. शिवाय जस्त स्वतः संपत असते. मोकळ्या हवेत त्यावर कार्बोनेटचा चिवट थर बसतो आणि झीज मंदावते. पत्रे मात्र ओलेच एकावर एक रचून ठेवले, तर मधल्या फटीत हवा पोहोचत नाही, तो थर बसत नाही आणि पांढरी भुकटी सुटते. ती दिसली की जस्त वाया जाऊ लागले असे समजावे. लाल डाग दिसला, तर त्या जागचे जस्त संपलेले असते.

किती टिकेल हे जाडीवर ठरते. दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असलेल्या पत्र्यावर एका बाजूला साधारण १९ मायक्रॉनचा थर येतो. कोरड्या हवेत जस्त वर्षाला मायक्रॉनभर किंवा त्याहून कमी झिजते, खारट वाऱ्यात चार-पाच मायक्रॉन. म्हणजे देशावर हाच पत्रा दोन दशके निभावेल आणि मालवणच्या किनाऱ्यालगत चार-पाच वर्षांतच लाल होऊ लागेल. घेताना ग्रॅम विचारायलाच हवेत. नुसत्या चकाकीवरून काही कळत नाही.

आणखी एक जागा हमखास दुर्लक्षित राहते, ती म्हणजे जोड. जस्त सुमारे ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे वेल्डिंगभोवतीचा मुलामा उडून जातो. त्यावर फिरवलेला सिल्व्हर पेंट नुसते झाकण घालतो, तो ॲल्युमिनियमचा असतो. तिथे भरपूर जस्तभुकटीचा रंग लावावा लागतो, तोही काजळी घासून, धातू चमकेपर्यंत साफ केल्यावर. भुकटीचे कण एकमेकांना आणि खालच्या लोखंडाला टेकले तरच इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊ शकतात.