फेरफाराची नोटीस आणि ते पंधरा दिवस

खरेदीखत झालं, सगळ्यांना पेढे वाटले आणि महिनाभरात तलाठ्याकडून नोटीस आली. नोटीस म्हटलं की पोटात गोळा येतो. कुणी केस केली का, खरेदी रद्द झाली का, असे प्रश्न मनात येतात. आज याच नोटिशीबद्दल बोलूया.

खरेदीखताची नोंदणी होते दुय्यम निबंधकाकडे. सातबारा मात्र महसूल खात्याकडे असतो. खरेदीची माहिती तिकडून तहसीलमार्गे तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे येते. ते गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवहीत, आधी कच्ची नोंद घेतात. सातबाऱ्यावर नाव अजून बदललेलं नसतं. या नोंदीची प्रत चावडीवर लावतात आणि ज्यांचा त्या जमिनीशी संबंध आहे त्यांना नोटीस देतात. नोटिशीचा अर्थ एवढाच: 'अशी नोंद घेतली आहे, हरकत असेल तर पंधरा दिवसांत सांगा.'

आता एक उदाहरण घेऊ. समजा, मंगलताईंनी गावाजवळ बिगरशेती प्लॉट घेतला. सातबाऱ्यावर वडिलांचे वारस म्हणून तीन नावं आहेत, दोन भाऊ आणि सासरी गेलेली बहीण शोभा. खरेदीखतावर सह्या मात्र दोघा भावांच्याच. फेरफार नोंद झाली आणि १२ जूनला मंगलताईंना, दोघा भावांना आणि शोभालाही नोटीस मिळाली.

मंगलताईंसाठी ही नोटीस म्हणजे काम पुढे सरकल्याची खूण. त्यांनी नोटिशीवरचा फेरफार क्रमांक लिहून ठेवायचा आणि गट नंबर, क्षेत्र, आपलं नाव खरेदीखताशी ताडून पाहायचं. चूक दिसली तर आत्ताच कळवायची. नोंद मंजूर झाल्यावर तीच दुरुस्ती करायला जास्त हेलपाटे पडतात.

शोभासाठी तीच नोटीस वेगळी आहे. भाऊ म्हणेल, "सही कर, नुसता कागद आहे." नोटीस मिळाल्याची सही म्हणजे संमती नव्हे, तेव्हा तेवढी सही करायला घाबरायचं कारण नाही. पण सोबत दुसरा कागद, संमतीपत्र किंवा हक्कसोड, पुढे आला तर वाचल्याशिवाय त्यावर सही करायची नाही. शोभाला हरकत घ्यायची असेल तर मुदत २७ जूनपर्यंत आहे. दिवस नोटीस मिळाल्यापासून मोजतात, म्हणून नोटिशीवर सहीखाली तारीख घालायला विसरायचं नाही.

हरकत तोंडीही सांगता येते, पण लेखीच द्या. फेरफार क्रमांक, गट नंबर, आपला हक्क कसा आहे आणि आपली सही नाही, हे साध्या भाषेत लिहायचं, सातबारा जोडायचा. हरकत मिळाल्याची पोच तलाठ्यांनी लगेच द्यायची असते. ती घेतल्याशिवाय उठू नका. उद्या 'हरकत आलीच नाही' असं कुणी म्हटलं तर तीच पोच कामी येते.

हरकत आली की ती तक्रार नोंदवहीत चढते आणि दोन्ही बाजूंना सुनावणीला बोलावतात. अधिकारी कागद पाहून नोंद मंजूर किंवा नामंजूर करतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग सातबाऱ्यावर नाव येतं. निकाल मान्य नसेल तर साठ दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवा. फेरफार म्हणजे मालकीचा निवाडा नव्हे. खरेदीखत रद्द करणं किंवा शोभाचा हिस्सा ठरवणं हे दिवाणी न्यायालयाचं काम. भावांना आपल्या हिश्शापलीकडचं विकता येत नाही. म्हणून मंगलताईंचीही चूक आहेच. पैसे देण्याआधी सातबाऱ्यावरची नावं आणि खरेदीखतावरच्या सह्या मोजल्या असत्या, तर तीन आणि दोन हा फरक तिथेच दिसला असता.

गावातल्या फ्लॅटची नोंद बहुधा ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर होते, शहरात मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयात असते. नमुना आठ कर आकारणीसाठी असतो, त्यामुळे तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. खरेदीखत जपून ठेवा.

तुमच्या माहेरच्या जमिनीवर तुमचं नाव असेल आणि पत्ता जुना असेल, तर नोटीस भलत्याच दारी जाईल. सरकारच्या 'आपली चावडी' या पानावर गाव निवडलं की चालू फेरफार नोटिसा दिसतात. पुढच्या बचत गटाच्या बैठकीत कुणाच्या तरी मोबाईलवर आपापलं माहेर एकदा पाहून घ्या.