तीन मिलिमीटरची वळी आणि एक तिरकी रेघ

बांधकामासाठी माती तपासून घेतली की प्रयोगशाळेच्या अहवालात ‘सीएच’, ‘एमएच’, ‘सीएल’ अशी दोन-दोन अक्षरं येतात. घर बांधणारा ती वाचून पुढचं पान उलटतो. पण पाया किती खोल न्यायचा, खालची माती काढून मुरूम भरायचा की नाही, याचे निर्णय बरेचदा याच अक्षरांपासून सुरू होतात. पहिलं अक्षर ‘सी’ आलं तर चिकणमाती, ‘एम’ आलं तर सिल्ट, म्हणजे बारीक गाळाची पण चिकटपणा नसलेली किंवा बेताचीच असलेली माती. दुसरं अक्षर ती किती पाणी पचवते ते सांगतं.

बारीक मातीचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. चाळणीने फार तर ७५ मायक्रॉनपर्यंत वेगळे करता येतात. त्याखालच्या कणांचा आकार मोजण्याच्या पद्धती आहेत, आणि २ मायक्रॉनहून बारीक ते क्ले असा संकेतही आहे. मात्र त्यावर विसंबता येत नाही. गारगोटी दळून दळून २ मायक्रॉनच्या खाली नेली तरी तिच्यात पाणी घालून वळी वळता येत नाही. चिकणमातीचा गुण कणाच्या आकारापेक्षा त्याच्या जातीत आणि पाण्याशी असलेल्या त्याच्या नात्यात आहे. म्हणून इंजिनिअर कण मोजण्यापेक्षा मातीत पाणी घालून बघणं पसंत करतात.

ही पाण्याची मोजपट्टी मुळात स्थापत्यशास्त्रातली नाही. आल्बेर्ट आटरबर्ग या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने १९११ च्या सुमाराला शेतीच्या मातीचा अभ्यास करताना ती मांडली. ओली माती हळूहळू वाळत गेली की ती आधी पातळ असते, मग मळता येते, मग ठिसूळ होते. पातळपणा संपतो तिथलं पाण्याचं प्रमाण म्हणजे लिक्विड लिमिट. मळता येणं संपतं तिथलं प्रमाण म्हणजे प्लॅस्टिक लिमिट. दोघांमधलं अंतर म्हणजे प्लॅस्टिसिटी इंडेक्स, म्हणजे माती पाण्याच्या किती मोठ्या पट्ट्यात मळण्याजोगी राहते त्याचं माप. ऑस्ट्रियातून अमेरिकेला गेलेल्या आर्थर कासाग्रांडे यांनी या कसोट्या प्रयोगशाळेत नीट बसवल्या. लिक्विड लिमिट मोजायचं आज सगळीकडे दिसणारं पितळी वाटीचं यंत्र त्यांचंच. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला विमानतळांसाठी माती झटपट ओळखायची होती. त्या कामातून आलेली त्यांची वर्गीकरणाची पद्धत १९४८ च्या त्यांच्या निबंधात सविस्तर आली, आणि तिच्यातला प्लॅस्टिसिटी चार्ट जगभर पसरला. आपल्याकडे तो आयएस १४९८ या मानकात आहे.

चार्ट दिसायला साधा आहे. आडव्या अक्षावर लिक्विड लिमिट, उभ्यावर प्लॅस्टिसिटी इंडेक्स, आणि डावीकडून उजवीकडे चढत जाणारी एक तिरकी रेघ, जिला ए-लाइन म्हणतात. कोणत्याही ठिकाणी रेघेची उंची काढायची तर लिक्विड लिमिटमधून २० वजा करायचे आणि उरलेल्याला ०.७३ ने गुणायचं. मातीचा ठिपका रेघेच्या वर पडला तर चिकणमाती, खाली पडला तर सिल्ट किंवा सेंद्रिय माती. दुसरं अक्षर ठरवायला आपल्या मानकात ३५ आणि ५० वर दोन उभ्या रेघा आहेत: ३५ च्या आत कमी, ३५ ते ५० मध्यम, ५० च्या पुढे जास्त. अमेरिकेत मधला गट नाही, तिथे फक्त ५० ची रेघ आहे.

ए-लाइन कोणत्याही सिद्धान्तातून निघालेली नाही. ठिकठिकाणच्या मातीचे ठिपके मांडल्यावर चिकणमात्या वरच्या बाजूला आणि सिल्ट खालच्या बाजूला गोळा होतात असं दिसलं, आणि मधून रेघ ओढली गेली. तिचा तिरकेपणा मात्र अर्थपूर्ण आहे. एकाच चिकणमातीत वाळू मिसळत गेलो तर लिक्विड लिमिट आणि इंडेक्स दोन्ही उतरतात, आणि ठिपका साधारण ए-लाइनला समांतर खाली घसरतो. माती किती पातळ केली यावरून ठिपका रेघेच्या दिशेने सरकतो, पण तो रेघ ओलांडेलच असं नाही. आडवी रेघ ओढली असती तर वाळूमिश्रित काळी माती सिल्टच्या खात्यात गेली असती.

नुसतं लिक्विड लिमिट बघून का भागत नाही, हे दोन मात्या शेजारी ठेवल्या की कळतं. उदाहरण म्हणून आकडे घेऊ. एक मराठवाड्यातली काळी माती, दुसरी कोकणातल्या डोंगरउतारावरची तांबडी, आणि दोघींचं लिक्विड लिमिट ६३ आलं आहे. काळी माती २९ टक्के पाण्यापर्यंत मळता येते, म्हणून तिचा इंडेक्स ३४. तांबडी ४१ टक्क्यांनाच तुटायला लागते, तिचा इंडेक्स २२. रेघेची उंची त्या ठिकाणी ६३ वजा २०, म्हणजे ४३ गुणिले ०.७३, साधारण ३१.४. काळी माती वर, सीएच. तांबडी बरीच खाली, एमएच. तांबडीतही पाणी भरपूर मावतं, पण बरंचसं कणांच्या गुच्छांमधल्या पोकळ्यांत नुसतं भरून राहतं. काळ्या मातीत ते कणांना चिकटतं आणि त्यांना एकमेकांवरून न तुटता सरकू देतं. अभ्रक जास्त असलेली मातीही याच कारणाने रेघेखाली जाते.

आता काळ्या मातीचे आकडे प्रयोगशाळेत कसे आले ते जवळून बघू. माती ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळून पाण्यात मळली, वाटीत पसरली आणि तिच्यात ठरावीक हत्याराने चर पाडला. हँडल फिरवलं की वाटी दर वेळी १० मिलिमीटर उचलली जाऊन रबरी तळावर आपटते, सेकंदाला दोनदा. चराच्या दोन कडा तळाशी १२ मिलिमीटर लांबीवर मिळेपर्यंतचे ठोके मोजायचे. पाणी कमी-जास्त करून चार वेळा केलं: ३४ ठोक्यांना ओलावा ६०.५ टक्के, २७ ला ६२.४, २१ ला ६४.४, १६ ला ६६.६. ठोके लॉग प्रमाणात मांडले की हे ठिपके जवळपास सरळ रेषेत येतात. त्या रेषेवर २५ ठोक्यांना जो ओलावा, तो ६३.

इतक्या यंत्रसामग्रीनंतर प्लॅस्टिक लिमिटची कसोटी अगदी गावठी वाटते. ओल्या मातीचा छोटा गोळा काचेवर बोटांनी लाटून ३ मिलिमीटर जाडीची वळी करायची. ती अखंड राहिली तर पुन्हा गोळा करून मळायची आणि पुन्हा लाटायची. दर वेळी हाताच्या उष्णतेने थोडं पाणी उडतं. नेमकी ३ मिलिमीटरला वळी भुगा होऊ लागली की तुकडे डबीत टाकून वजन घ्यायचं आणि भट्टीत १०५ अंशांवर वाळवायचे. आपल्या उदाहरणात ओली माती १४.२० ग्रॅम, वाळल्यावर ११.००. पाणी ३.२० ग्रॅम, म्हणजे २९.१ टक्के. इंडेक्स ६३ वजा २९.१, म्हणजे ३३.९.

रेघेची उंची ३१.४ होती, म्हणजे आपली काळी माती रेघेच्या वर अडीच अंकांनीच आहे. लिक्विड लिमिट चुकून ४ अंकांनी कमी, ५९ आलं असतं तर? इंडेक्सही ४ ने उतरून २९.९ झाला असता, पण रेघही खाली येऊन २८.५ वर आली असती. ठिपका वरच राहिला असता, अंतर दीड अंक. प्लॅस्टिक लिमिट मात्र ३ ने जास्त, ३२.१ आलं तर इंडेक्स ३०.९ होतो, रेघ जागची हलत नाही, आणि तीच माती खाली जाऊन एमएच ठरते. वाटीच्या यंत्रातली चूक रेघ बऱ्याच अंशी पोटात घेते, वळीतली चूक जशीच्या तशी ठिपक्यावर येते. आणि घाई होते ती नेमकी वळीच्याच वेळी. दुपारचे नमुने साठलेले असतात, वळीवर नुसती चीर दिसली की ‘तुटली’ म्हणून डबीत जाते. अजून ओली असलेली माती तुटली असं धरलं की प्लॅस्टिक लिमिट वर चढतं आणि चिकणमाती कागदावर सिल्ट होते. त्या इमारतीच्या पायाखाली फुगणारी माती आहे हे मग अहवालातून कळत नाही.

दुसरा घोटाळा नमुना वाळवताना होतो. भट्टी फक्त ओलावा मोजण्यासाठी आहे, कसोटीआधी माती हवेवरच वाळवायची. खाडीकाठच्या सेंद्रिय मातीला भट्टीत घातलं तर तिचं लिक्विड लिमिट एकदम उतरतं. अमेरिकी पद्धतीत हेच ओळखीसाठी वापरतात: भट्टीनंतरचा आकडा आधीच्या पाऊणपटीहून कमी आला तर माती सेंद्रिय. कोकणातल्या काही तांबड्या मात्याही भट्टीत गेल्या की कायमच्या बदलतात, त्यांचे बारीक कण घट्ट चिकटून मोठे होतात.

चार्टची स्वतःची मर्यादाही आहे. चिनी माती, जिच्यापासून कपबश्या होतात, तिचे ठिपके बरेचदा रेघेखाली पडतात. ती खनिजाच्या दृष्टीने शंभर टक्के चिकणमाती, पण चार्ट तिला सिल्ट म्हणतो. मला यात चार्टचा दोष दिसत नाही, कारण तो वागणूक बघतो आणि ही माती वागते तशीच. उलट सीएच म्हटल्याने माती किती फुगेल ते कळत नाही, त्यासाठी फुगवट्याची वेगळी कसोटी लागते.

ठिपका रेघेच्या काठावर असेल तेव्हा यंत्राशिवायच्या जुन्या कसोट्या कामी येतात, आणि त्या मानकातही आहेत. ओल्या मातीची टिकली तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने हात थोपटा. सिल्ट असेल तर पृष्ठभागावर पाणी चमकतं, आणि टिकली बोटांत दाबली की ती चमक नाहीशी होते. काळी माती चपातीच्या कणकेसारखी तशीच राहते. मग वाळलेलं ढेकूळ बोटांनी चुरायचा प्रयत्न करा. सिल्टचं पीठ होतं, काळ्याचं ढेकूळ बोटांना दाद देत नाही.

शेवटचा उपाय कागदावरच आहे. एकाच खड्ड्यातल्या एकाच थराचे चार-पाच नमुने चार्टवर मांडले की ठिपके साधारण ए-लाइनला समांतर पट्ट्यात बसतात. चार ठिपके वरच्या पट्ट्यात आणि पाचवा एकटा खाली दिसला, तर अहवालावर सही करण्याआधी त्या पाचव्या नमुन्याची वळी पुन्हा वळून घ्यावी. दुसऱ्या वेळीही तो खालीच आला आणि ढेकूळ सहज चुरलं, तर खड्ड्यात खरोखरच वेगळा थर आहे, आणि तो किती जाड आहे हे बघायला अजून एक बोअर घ्यावं लागेल.