घड्याळाच्या कड्यावरचा वेग

पुष्कळ घड्याळांच्या काचेभोवती धातूचे एक कडे असते आणि त्यावर ५००, ४००, ३०० असे आकडे उतरत उतरत ६० पर्यंत येतात. शेजारी ‘टॅकीमीटर’ असा शब्द कोरलेला असतो. घड्याळ घेणाऱ्या बहुतेकांना ही नक्षी वाटते. खरे तर तो एक तयार करून ठेवलेला भागाकार आहे, आणि क्रोनोग्राफ घड्याळात, म्हणजे ज्यात स्टॉपवॉचची सोय आहे अशा घड्याळात, तो आजही बिनचूक चालतो. अंतर ठाऊक असले की सरासरी वेग त्या कड्यावरून थेट वाचता येतो.

त्यामागचे गणित चौथीतल्या मुलालाही जमेल. एका तासात ३६०० सेकंद असतात. एखाद्या गाडीला एक किलोमीटर जायला ३६ सेकंद लागले, तर ३६०० भागिले ३६, म्हणजे त्या वेगाने ती तासाभरात १०० किलोमीटर जाईल. कड्यावर ३६ सेकंदांच्या जागी १०० छापलेले असते. ३० सेकंदांच्या जागी १२०, ४५ च्या जागी ८० आणि पूर्ण मिनिटाला ६०. धावत्या गाडीत भागाकार करत बसायचा त्रास घड्याळ बनवणाऱ्याने आधीच वाचवलेला आहे.

पूर्वी हे आकडे तबकडीच्या आत, अगदी कडेला छापत. १९५७ मध्ये ओमेगाने ‘स्पीडमास्टर’ बाजारात आणले तेव्हा ती पट्टी तबकडीवरून उचलून बाहेरच्या कड्यावर नेली. तबकडी मोकळी झाली आणि आकडे मोठे झाले. पुढे हेच घड्याळ अंतराळवीरांच्या मनगटावर गेले, पण ते घडवले होते मोटारींच्या शर्यती डोळ्यांसमोर ठेवून. १९६३ च्या रोलेक्स डेटोनानेही तीच पद्धत घेतली. शर्यतीत अंतर ठरलेले असते, त्यामुळे ही पट्टी तिथे चपखल बसते. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या धावपट्टीची एक फेरी अडीच मैलांची आहे. फेरीला ४८ सेकंद लागले तर काटा ७५ वर थांबतो. त्याला अडीचने गुणले की ताशी साडेसत्याऐंशी अधिक शंभर, म्हणजे १८७.५ मैल. अंतर मैलात घेतले तर उत्तर मैलात आणि किलोमीटरमध्ये घेतले तर किलोमीटरमध्ये. पट्टीला एककाशी देणेघेणे नाही.

शर्यतीची धावपट्टी आपल्या वाट्याला येत नाही, पण रेल्वे येते. टॅकीमीटर वापरून पाहायला माझ्या मते रेल्वेच्या खिडकीइतकी चांगली जागा नाही. प्रवाशाचे हात मोकळे असतात, गाडी बराच वेळ एकाच वेगाने धावते, आणि समोर वेग दाखवणारे काही नसल्यामुळे उत्सुकताही असते. रुळांच्या कडेला दर किलोमीटरला आकड्याची पाटी असते. विजेवरच्या मार्गावर तारांच्या खांबांवरही लहान पाट्या दिसतात, वर किलोमीटरचा आकडा आणि खाली खांबाचा क्रमांक. पण मोजायला किलोमीटरचीच पाटी धरावी. खांबांमधले अंतर सगळीकडे सारखे नसते, सरळ मार्गावर ते सत्तर मीटरपर्यंत जाते, आणि किलोमीटरचा पहिला खांब नेमका किलोमीटरच्या रेषेवर असेलच असे नाही.

सुरुवात करण्याआधी काटा तपासावा. क्रोनोग्राफमध्ये मधला लांब काटा एरवी बाराच्या आकड्यावर स्तब्ध उभा असतो. घड्याळ बंद पडले असे समजून लोक तो दुकानात दाखवायला नेतात, पण चालू वेळेचा सेकंदकाटा एका लहान तबकडीत वेगळा फिरत असतो. खालचे बटण दाबून लांब काटा शून्यावर आणला की तो बारावर नेमका यायला हवा. एक सेकंद पुढे थांबत असेल तर ताशी १०० च्या आसपास उत्तर जवळजवळ तीन किलोमीटरने चुकते. बॅटरीवरच्या बहुतेक क्रोनोग्राफमध्ये चावी ओढून बटणांनी काटा जागेवर आणता येतो. कडेही पाहून घ्यावे: तीनच्या आकड्याजवळ २४०, सहाजवळ १२०, नऊजवळ ८० आणि बाराजवळ ६० दिसायला हवे. तसे दिसले नाही तर कडे तिरपे बसले आहे किंवा आकडे केवळ शोभेचे आहेत.

आता खिडकीच्या चौकटीची एक कड निवडायची आणि पाटी त्या कडेला आली की वरचे बटण दाबायचे. पुढची पाटी त्याच कडेला आली की पुन्हा तेच बटण. डोके हलवायचे नाही, आणि पाटी लांबून दिसली म्हणून बोट घाईने दाबायचे नाही. डोळ्याने पाहून बोट हलायला थोडा वेळ लागतोच, पण दोन्ही वेळा तो जवळपास सारखाच लागला तर वजाबाकीत निघून जातो. चूक होते ती पहिल्यांदा दचकून उशिरा आणि दुसऱ्यांदा वाट पाहून लवकर दाबल्यामुळे.

समजा काटा ३३ सेकंदांवर थांबला. कड्यावर त्या जागी ११० ची खूण नुकतीच मागे पडलेली दिसते, म्हणजे वेग ताशी साधारण १०९. हे उत्तर कितपत खरे? सगळी चूक मिळून अर्धा सेकंद धरली तर खरा वेग १०७.५ ते १११ यांच्यामध्ये कुठेतरी आहे. गप्पांसाठी पुरे, पण आणखी नेमके हवे असेल तर बटण न थांबवता पाच पाट्या जाऊ द्याव्यात. मिनिटांच्या लहान तबकडीसह वेळ २ मिनिटे ४८ सेकंद, म्हणजे १६८ सेकंद आली, तर एका किलोमीटरला सरासरी ३३.६ सेकंद पडतात. कड्यावर तेवढ्या सेकंदांसमोर १०७ वाचता येतो. बोटाची चूक तीच अर्ध्या सेकंदाची, पण आता ती पाच किलोमीटरवर वाटली गेली, म्हणून उत्तर दोन्ही बाजूंना अर्ध्या किलोमीटरच्या आतच हलते.

या सगळ्या पट्टीचे मर्म इथेच आहे. वेळ जितकी जास्त, तितका वेग विश्वासार्ह. कड्याकडे नीट पाहिले तर ते स्वतःच हे सांगते. ६० पासून १२० पर्यंतचे आकडे डावी अर्धी बाजू ऐसपैस व्यापतात. १२० ते २४० ला पाव भाग मिळतो. ४०० आणि ५०० यांच्यामध्ये तर दोन सेकंदांचीही जागा उरत नाही. नऊ सेकंदांना ४०० येतात, पण अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला तर तोच आकडा ३७९ किंवा ४२३ होतो. म्हणून मी घड्याळाच्या उजव्या बाजूवर, आणि तिच्यातही वरच्या भागावर, विश्वास ठेवत नाही. यंत्राचे घड्याळ सेकंदाचे पाच-सहा किंवा जास्त तुकडे पाडते; तिथे कमी पडते ते बोट. बॅटरीवरच्या स्वस्त क्रोनोग्राफात मात्र काटा सेकंदाला एकच उडी मारतो, तेव्हा उजवीकडचे आकडे वाचण्यात अर्थच उरत नाही.

रस्त्यावर हाच फरक अधिक स्पष्ट दिसतो. आपल्या महामार्गांवर किलोमीटरच्या दगडांमध्ये पुष्कळ ठिकाणी दर दोनशे मीटरला लहान दगड असतो. ताशी ७२ ने जाणाऱ्या गाडीला तेवढ्या अंतराला १० सेकंद लागतात, काटा ३६० दाखवतो, आणि अंतर किलोमीटरचा पाचवा भाग असल्यामुळे पाचने भागून ७२ मिळतात. हिशेब बरोबर आहे, पण अर्ध्या सेकंदाची चूक उत्तराला ६९ पासून ७६ पर्यंत कुठेही नेते. त्याच वेगाने पूर्ण किलोमीटरला ५० सेकंद लागतात आणि तीच चूक उत्तर ७१ ते ७३ च्या आत ठेवते. लहान दगड सायकलस्वारासाठी ठेवावेत. दोनशे मीटरला ४० सेकंद लागले तर कड्यावर ९०, पाचने भागून ताशी १८. साठच्या खालचे वेग पट्टीवर नसतातच, त्यामुळे हळू चालणाऱ्या वाहनासाठी अंतर कमी करून उत्तर तितक्याच पटीने लहान करण्याला पर्याय नाही.

मोटारीत हे काम शेजारी बसलेल्याने करायचे. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरून हलता कामा नये. आणि वेगदर्शकाचा काटा १०० दाखवत असताना घड्याळ ९५ किंवा ९६ म्हणाले तर घड्याळाला दोष देऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांप्रमाणे वेगदर्शकाने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नसतो, जास्त दाखवलेला मात्र काही मर्यादेत चालतो, म्हणून कंपन्या तो मुद्दाम थोडा वर ठेवतात. पण दगडांवरही डोळे झाकून विसंबू नये. वळणे सरळ केली, बाह्यवळण बांधले की दोन दगडांमधले अंतर नेमके किलोमीटर राहत नाही. सलग पाच किलोमीटर वेगवेगळे मोजावेत. गाडी एकसारखी जात असताना चार ठिकाणी ४५ सेकंद आणि एका ठिकाणी ३९ आले, तर वेग वाढलेला नसून तो दगड चुकीच्या जागी आहे.

शेवटची अडचण सरासरी या कल्पनेतच आहे. एक किलोमीटर ताशी ६० ने आणि पुढचा १२० ने गेला, तर सरासरी ९० असे मनात येते. घड्याळाला विचारा: पहिल्याला ६० सेकंद, दुसऱ्याला ३०, दोन किलोमीटरला मिळून ९०, म्हणजे एकाला ४५. कड्यावर ४५ समोर ८० आहे, आणि तेच बरोबर, कारण हळू वेगात गाडी दुप्पट वेळ होती. त्याच कारणाने मध्ये सिग्नलला किंवा टोलनाक्यावर थांबलेल्या गाडीचा आकडा पट्टीवर लहान दिसतो. त्या किलोमीटरची सरासरी तेवढीच असते. गाडी धावत असताना कितीने धावत होती, हे जाणून घ्यायचे असेल तर थांबा नसलेला दुसरा किलोमीटर शोधून पुन्हा मोजावा लागतो.