जुने इंटरनेट पत्ते संपले. नव्या पत्त्यांकडे जाण्याचे दोन मार्ग

बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था ही १९८६ साली हाती घेण्यात आलेल्या 'अर्नेट' या शैक्षणिक संगणक जाळ्यातील पहिल्या आठ सहभागींपैकी एक होय. त्या काळी जाळ्यांना जोडलेले संगणक मोजकेच होते. आयपी आवृत्ती ४ मधील ३२ बिटांच्या पत्त्यांची संख्या सुमारे ४३० कोटी असून ती तेव्हा पुरेशी वाटत होती. मात्र ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील अखेरचे पाच गट वाटले गेले. १५ एप्रिल २०११ पासून आशिया-प्रशांत विभागाची नोंदणी संस्था 'एपनिक'ने प्रत्येक सदस्याला उरलेल्या साठ्यातून कमाल १,०२४ पत्ते देण्याचे बंधन घातले.

आवृत्ती ६ मध्ये पत्ता १२८ बिटांचा असल्याने टंचाईचा प्रश्न उरत नाही. अडचण अशी, की केवळ जुना पत्ता असलेला संगणक नव्या पत्त्याशी थेट बोलू शकत नाही. म्हणून 'ड्युअल स्टॅक' पद्धतीत एकाच यंत्रावर दोन्ही व्यवस्था चालतात. संकेतस्थळाचा नवा पत्ता मिळाल्यास यंत्र सामान्यतः तो आधी वापरते, अन्यथा जुन्याकडे वळते.

दुसरा मार्ग 'टनेलिंग'चा. समजा, एका संस्थेच्या बंगळुरू व पुणे येथील कार्यालयांत नवी व्यवस्था आहे, परंतु मधली वाहिनी फक्त जुनीच जाणते. अशा वेळी बंगळुरूचा राउटर नवे पॅकेट जुन्या पाकिटात घालून पाठवतो व पुण्याचा राउटर ते उघडतो. या पाकिटाला २० बाइट लागतात; त्यामुळे १,५०० बाइटांच्या वाहिनीत आतल्या पॅकेटसाठी १,४८० बाइटच उरतात.

नेमका येथेच बिघाड होतो. मोठे पॅकेट आल्यास राउटर 'पॅकेट फार मोठे आहे' असा संदेश उलट पाठवतो. फायरवॉलने तो अडवला, तर जोडणी होते, लहान पाने उघडतात, पण मोठी पाने अर्ध्यावर थांबतात. लिनक्स संगणकावर ही चाचणी घेता येते (पत्ता नमुन्याचा आहे):

```
ping -6 -M do -s 1432 2001:db8::1
ping -6 -M do -s 1452 2001:db8::1
```

शीर्षकांचे ४८ बाइट मिळवता पहिले पॅकेट १,४८० आणि दुसरे १,५०० बाइटांचे होते. पहिल्याला उत्तर आले, पण दुसऱ्याला उत्तरही नाही व सूचनाही नाही, तर संदेश वाटेत अडत असण्याची दाट शक्यता असते. फायरवॉलमध्ये त्याला वाट करून देणे हा त्यावरचा उपाय.

ड्युअल स्टॅकची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. प्रत्येक यंत्राला जुना पत्ताही लागत असल्याने या पद्धतीने टंचाई दूर होत नाही; म्हणूनच सेवा कंपन्या एकाच जुन्या पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात. जुन्या पत्त्यांची गरज खऱ्या अर्थाने संपेल ती पलीकडचे संकेतस्थळही नव्या पत्त्यावर उपलब्ध झाल्यावरच.