रुपयाच्या नाण्याने राखलेलं गुपित

समजा, मंडईच्या अष्टकोनी इमारतीत गाळेधारकांची आरोग्य तपासणी झाली आणि बाहेर फलक लागला: भाजीवाल्यांत मधुमेहाचे रुग्ण ७. नाव कुणाचंच नाही. आठवड्याने बटाटेवाल्या काकांनी गाळा सोडला आणि नवा फलक लागला: ६. बाकी काही बदललं नव्हतं. एका वजाबाकीत काकांचा आजार अख्ख्या मंडईला कळला!

हे टाळायला आकड्यात थोडी चूक मुद्दाम मिसळायची, पण मोजून. २००६ साली सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी ही मोजणी गणितात बसवली. आपल्याला त्यासाठी रुपयाचं एक नाणं पुरतं.

काटा येईपर्यंत नाणं उडवा आणि त्याआधी किती छाप पडले ते मोजा. पुन्हा तसंच करा. पहिल्या मोजणीतून दुसरी वजा करा आणि येईल तो आकडा खऱ्या संख्येत मिळवा. पहिल्यांदा एक छाप, दुसऱ्यांदा तीन आले, तर उणे दोन. फलकावर ७ ऐवजी ५.

यात शून्य येण्याची शक्यता एक तृतीयांश, अधिक एकची एक षष्ठांश, उणे एकचीही तेवढीच. पुढे प्रत्येक पायरीला शक्यता बरोबर निम्मी होते. सगळी जादू या निम्मेपणात आहे. समजा, फलकावर ६ दिसले आणि खरी संख्या ६ की ७ एवढंच ठरवायचं आहे. ६ असताना हा फलक लागण्याची शक्यता ७ असतानापेक्षा दुप्पट, त्याहून जास्त नाही. कुठलाही आकडा लागो, एका माणसाच्या असण्या-नसण्याने पारडं दुपटीपलीकडे झुकतच नाही. शेजाऱ्याला काका सोडून बाकी सगळ्यांचं माहीत असलं, तरीही!

याची किंमत अचूकतेत मोजावी लागते. चोवीसपैकी तेवीस वेळा चूक चारच्या आत राहते. सातमध्ये चार म्हणजे फार. सात हजारांत ती कुणाला जाणवणारही नाही. दहापैकी नऊदा छाप पडणारं नाणं घेतलं, तर पारडं जेमतेम नऊ-दहाच्या फरकाने झुकतं, पण चूक सहज दहा-पंधरावर जाते. मग सातचा आकडा निरुपयोगीच.

आणखी एक सापळा आहे. तीच संख्या रोज नवं नाणं उडवून लावली, तर शंभर फलकांच्या सरासरीत अधिक-उणे एकमेकांना खातात आणि खरे ७ उघडे पडतात. म्हणून दर प्रकाशनागणिक गुप्ततेच्या शिलकीतून खर्च पडतो, आणि ती शिलक आधीच ठरवावी लागते.

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत हेच तत्त्व वापरलं. राज्यांची एकूण लोकसंख्या जशीच्या तशी दिली. वस्त्यांचे बारीक आकडे मात्र थोडे हलवले. उणे माणसं छापता येत नाहीत, म्हणून तसे आकडे सावरावे लागले आणि त्या सावरण्यातून लहान आकडे किंचित फुगण्याकडे कल राहिला.

असा आकडा मोठ्या गर्दीबद्दल खरं सांगतो, आणि एकट्या काकांबद्दल फार थोडं.