‘पेंडिंग’ दिसतंय, पुन्हा पैसे पाठवावेत का?

खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज येतो, समोरच्याला काहीच मिळालेलं नसतं आणि मोबाईलवर ‘पेंडिंग’ किंवा ‘प्रोसेसिंग’ एवढंच दिसत राहतं. काउंटरवर गर्दी असते, दुकानदार वाट पाहत असतो, म्हणून आपण तोच क्यूआर कोड पुन्हा स्कॅन करतो. ही घाई महागात पडू शकते. पहिल्या व्यवहाराचा शेवटचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्यांदा पैसे पाठवणं सुरक्षित नसतं.

यूपीआयचा व्यवहार दोन टप्प्यांत होतो. आपण पिन टाकला की आधी आपली बँक आपल्या खात्यातून रक्कम वजा करते. मग एनपीसीआयची यंत्रणा समोरच्याच्या बँकेला ती जमा करायला सांगते. त्या बँकेकडून ठरलेल्या सेकंदांत उत्तर आलं नाही, तर पैसे जमा झाले की नाही हे यंत्रणेला त्या क्षणी कळत नाही. कदाचित त्या बँकेचा सर्व्हर बंद असेल. कदाचित रक्कम जमाही झाली असेल आणि फक्त तसं कळवणारा निरोप वाटेत अडकला असेल. ‘पेंडिंग’ म्हणजे ही अनिश्चितता.

एक उदाहरण घेऊ. सोमवारी सकाळी तुम्ही खतांच्या दुकानात ४,५०० रुपये पाठवले. दुकानदाराचं साधं बचत खातं एका सहकारी बँकेत आहे आणि तिचा सर्व्हर सकाळपासून अडखळतोय. तुमचे पैसे कापले गेले, स्क्रीनवर ‘पेंडिंग’ आलं आणि तुम्ही दुसऱ्या ॲपवरून पुन्हा ४,५०० पाठवले. ॲप बदललं तरी फरक पडत नाही. यंत्रणेच्या लेखी हा वेगळा क्रमांक असलेला स्वतंत्र व्यवहार आहे, पहिल्याची दुरुस्ती नव्हे. दुपारी सर्व्हर सुरळीत झाला आणि दोन्ही रकमा जमा झाल्या, तर ९,००० रुपये गेले. दोन्ही व्यवहार यशस्वी ठरल्यामुळे जादा ४,५०० आपोआप परत येणार नाहीत. ते दुकानदारानेच परत करावे लागतील.

म्हणून आधी तीन गोष्टी बघा. पहिली, तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुकात रक्कम खरोखर वजा झाली आहे का. दुसरी, समोरच्याच्या खात्याच्या नोंदीत ती दिसते का. एसएमएस न येताही पैसे जमा झालेले असू शकतात, त्यामुळे नुसत्या मेसेजवर जाऊ नका. तिसरी, ॲपच्या ‘हिस्टरी’त आता काय दिसतं. दर सेकंदाला तपासून उपयोग नाही, दीड-दोन मिनिटं जाऊ द्या. ‘फेल्ड’ दिसत असेल आणि पैसे कापलेच गेले नसतील किंवा परत जमा झाले असतील, तर निर्धास्तपणे पुन्हा पाठवा. पैसे कापलेले आणि व्यवहार ‘पेंडिंग’ असेल, तर थांबा.

किती थांबायचं, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात ठरवून दिलं आहे. व्यक्तीकडून व्यक्तीला पाठवलेली रक्कम जमा झाली नाही, तर ती व्यवहारानंतरच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत आली पाहिजे. व्यापाऱ्याच्या खात्यासाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. मुदत उलटली, तर प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते आणि ती तक्रारीची वाट न पाहता द्यायची असते. वरच्या उदाहरणात मंगळवारपर्यंत रक्कम दुकानदाराला मिळायला हवी किंवा तुमच्याकडे परत यायला हवी.

तोवर थांबता येत नसेल, माल आजच हवा असेल, तर दुकानदाराला व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक दाखवा आणि उद्यापर्यंत मुदत मागा. रोख दिले तरी दुहेरी पैसे जाण्याचा धोका तोच असतो. द्यावेच लागले तर पहिली रक्कम जमा झाल्यास परत करेन, असं त्यांच्याकडून बिलावर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. अनोळखी माणसाच्या बाबतीत हा भरवसा ठेवता येत नाही, तिथे थांबणंच बरं. दुकानदारांनीही ‘पेंडिंग’चा स्क्रीनशॉट पावती समजू नये.

मुदत संपूनही पैसे आले नाहीत, तर ॲपमध्ये त्याच व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवा, मग तोच यूटीआर देऊन आपल्या बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मदतीचा नंबर मात्र इंटरनेटवर शोधू नका, तिथे भामटे टपलेले असतात. पैसे परत मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. जो पिन मागेल, तो तुमचे आणखी पैसे काढायला बसला आहे, असं समजून फोन ठेवा.